तेरेसा तीन जिने कशी उतरली?

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका तरुण स्नेह्याने एका इटालियन कथेचे मराठी भाषांतर माझ्याकडे वाचायला पाठविले. सोबत मूळ कथाही होती. गृहस्थ हौशी, इटालियन शिकलेले ते पुस्तकांवरून आणि कोशावरून. भाषांतर वाचून मी अंमळ चकितच झालो. कथा एका कटाची होती. तिसऱ्या मजल्यावर राहणारी तेरेसा नावाची बाई टेलिफोन उचलते आणि म्हणते, “मी तयार आहे.” पलीकडून दीर बजावतो, “सावकाश बोल, लोक ऐकतात.” मग तो सांगतो, “गोळी चुकली.” हे ऐकून तेरेसाला झटका बसतो. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे कुणा पुढाऱ्याच्या खुनाचा बेत उभा राहिला आणि तेरेसा त्यातली मुरलेली साथीदार वाटू लागली.

मूळ कथा काढून पाहिली. तिच्यात ना पुढारी, ना पिस्तूल. रोममधल्या चार बेकार माणसांनी एका जवाहिऱ्याच्या दुकानावर डल्ला मारायचे ठरविले आहे. त्यांतला एक तेरेसाचा नवरा नीनो, आणि बिचाऱ्या तेरेसाला या भानगडीचा संशय तेवढा आहे. भाषांतरकाराने एकही शब्द गाळला नव्हता किंवा पदरचा घातला नव्हता. त्याने दिलेला प्रत्येक अर्थ कोशात सापडतो. तरीही कथा दुसरीच झाली होती! तीन शब्दांनी हा घोटाळा केला होता: प्रोंतो, प्यानो आणि कोल्पो.

पहिला शब्द प्रोंतो. याचा कोशातला पहिला अर्थ ‘तयार’. स्वयंपाकघरातून कुणी ‘ए प्रोंतो’ अशी हाक दिली की जेवण तयार आहे, पानावर बसा, असे समजावे. पण टेलिफोन उचलल्यावर इटालियन माणूस जो ‘प्रोंतो’ म्हणतो, तो आपला ‘हॅलो’. टेलिफोन वाजला हे आधीच्याच वाक्यात होते, तेवढ्यावरूनही हे उमगायला हवे होते. समजा, ते नजरेतून निसटले. तरी तेरेसाच्या तोंडातल्या शब्दाचे शेवटचे अक्षर निसटायला नको होते. इटालियनमध्ये विशेषण लिंगाप्रमाणे बदलते. बाई स्वतःबद्दल ‘मी तयार आहे’ म्हणेल तेव्हा ती ‘प्रोंता’ म्हणेल. आपल्याकडे ‘आलो’ आणि ‘आले’ यांत फरक असतो तसाच हा. टेलिफोनवरचा ‘प्रोंतो’ मात्र पुरुष बोलो की बाई, बदलत नाही. तेरेसा म्हणाली ‘प्रोंतो’. म्हणजे ती तयारबियार काही नव्हती; तिने नुसता फोन घेतला होता. एका ओकाराने ती कटातून निर्दोष सुटते.

याच शब्दाला ‘त्वरित’ असाही एक अर्थ आहे, आणि तो बहुधा शब्द नामाच्या आधी आला की निघतो. इस्पितळाच्या दारावरचे ‘प्रोंतो सोक्कोर्सो’ म्हणजे तयार मदत नव्हे, तातडीची मदत. आजाऱ्याला ‘प्रोंता ग्वारिज्योने’ चिंतितात ते त्वरित बरे वाटावे म्हणून. शब्द कुठे बसला आहे हे आधी पाहावे, तो काय म्हणतो ते मागाहून.

दुसरा शब्द प्यानो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सपाट’. इटालियनमध्ये प्यानो म्हणजे मजला, प्यानो म्हणजे योजना, प्यानो म्हणजे आपल्या ओळखीचे ते वाद्य. आणि क्रियाविशेषण म्हणून आला तर ‘हळू’. ही गर्दी ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मी एक वाक्य रचून पाहतो: ‘अल तेर्त्सो प्यानो क्वाल्कूनो स्वोना प्यानो इल प्यानो.’ एका वाक्यात तीन प्यानो, पण कोणी कोणाच्या पायात पाय घालीत नाही. पहिल्याच्या आधी ‘तिसरा’ हे संख्यावाचक आले, तेव्हा तो मजला. दुसरा ‘वाजवतो’ या क्रियापदाला नुसताच, उपपदाशिवाय चिकटला, तेव्हा तो ‘हळू’. तिसऱ्यामागे ‘इल’ हे उपपद आहे आणि तो वाजविला जातो आहे, तेव्हा ते वाद्य. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी हळुवार पियानो वाजवीत आहे! तोच ‘इल प्यानो’ जर ‘फसला’ या क्रियापदाशी आला असता, तर ती योजना ठरली असती. पियानो फसत नाही. मजल्याच्या बाबतीत आपले नशीब चांगले: तळमजला सोडून पुढचा तो पहिला, असेच इटलीतही मोजतात, म्हणून तेरेसाचा तिसरा मजला मराठीतही तिसराच राहतो.

अवघड जागा पुढे आहे. ‘हळू’ म्हणजे सावकाश की हलक्या आवाजात? ‘पार्ला प्यानो’ या दोन शब्दांतून दोन्ही निघतात. परदेशी पाहुणा ‘मला समजत नाही’ म्हणून वर ‘प्यू प्यानो’ अशी विनवणी करील, तर तो सावकाश बोला म्हणतो आहे. बाळ निजले आहे असे सांगून कुणी ‘पार्ला प्यानो’ म्हणेल, तर आवाज खाली आणायचा. इथे शेजारचा शब्द पुरत नाही, शेजारचे कारण पाहावे लागते. आपल्या कथेत दीर कारण देतो, ‘ती सेंतोनो’, म्हणजे तुझे बोलणे ऐकू जाते. सावकाश बोलल्याने शेजाऱ्यांना कमी का ऐकू येणार आहे? उलट नीट समजेल! गंमत अशी की, मराठी ‘हळू’ शब्दातही नेमके हेच दोन अर्थ नांदतात. ‘हळू बोल’ एवढे लिहिले असते तर काम भागत होते. भाषांतरकार अधिक नेमके लिहायला गेला आणि चुकीच्या बाजूला नेमका झाला.

तिसरा शब्द कोल्पो, आणि खरा घात याने केला. याचे मूळ थप्पड या अर्थाच्या एका ग्रीक शब्दात आहे. पण आज तो आपल्या ‘मारणे’ आणि ‘लागणे’ यांच्यासारखा घरभर वावरतो. आपण उडी मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो. त्यांत कुणालाही इजा होत नाही. तसेच इटालियन माणूस फोन करतो तेव्हा एक ‘कोल्पो दि तेलेफोनो’ देतो. आपल्याला ऊन लागते, त्याला ‘कोल्पो दि सोले’ होतो; आपल्याला वारा लागतो, त्याला ‘कोल्पो दारिया’. त्याच्यावर ‘कोल्पो दि फूल्मिने’ म्हणजे विजेचा आघात झाला, तर डॉक्टरला बोलावू नये; तो पहिल्याच दृष्टिभेटीत प्रेमात पडला आहे. ‘दि’च्या पुढचा शब्द इथे अर्थ ठरवितो. वचनदेखील बारकाईने पाहावे लागते: ‘कोल्पो दि सोले’ एकवचनी असला तर उन्हाचा तडाखा, पण केशकर्तनालयात बायका अनेकवचनी ‘कोल्पी दि सोले’ मागतात, ते केसांतल्या काही बटा उजळ रंगवून घेण्यासाठी.

आता दिराचे वाक्य: ‘इल कोल्पो ए आंदातो माले.’ इथे कोल्पोच्या पुढे ‘दि’ नाही, म्हणून भाषांतरकाराने कोशातली ‘गोळी’ घेतली. बंदुकीची गोळी सुटणे हा अर्थ खराच आहे. पण तसे असते तर पिस्तूल किंवा झाडणे यांपैकी काहीतरी आसपास असते, आणि नेम चुकला असता तर ‘आंदातो आ वूओतो’, म्हणजे फुकट गेला, असे म्हटले असते. ‘आंदातो माले’ म्हणजे बिघडले, फिसकटले. बिघडते ते काम. चोरांच्या तोंडी नुसता कोल्पो म्हणजे डल्ला, हात मारणे. मोनिचेल्ली यांच्या 1958 सालच्या ‘इ सोलिती इन्योती’ या चित्रपटात अशाच भुरट्या मंडळींचा एक डल्ला फसतो, आणि 1959 साली नान्नी लोय यांनी त्याचा पुढचा भाग काढला, त्याच्या नावातच ‘कोल्पो’ आहे. तिथे कुणी गोळी शोधीत नाही. उपपदावरही लक्ष हवे. नीनोने ‘उन कोल्पो’ केला म्हणजे डल्ला मारला. उपपदाशिवाय नुसता ‘कोल्पो’ केला म्हणजे समारंभात छाप पाडली. एका ‘उन’ने माणूस दिवाणखान्यातून तुरुंगात जातो.

तर दिराने सांगितले ते इतकेच की, काम फिसकटले. नवरा खुनी नव्हे, फसलेला चोर. बायको साथीदार नव्हे, काळजीत पडलेली गृहिणी. या तीन चुकांत मला लक्षात ठेवण्याजोगे वाटले ते हे की, त्या एकमेकींशी भांडत नव्हत्या. ‘तयार आहे’ने ‘गोळी’ला वाट करून दिली आणि ‘गोळी’ने ‘तयार आहे’ खरे ठरविले. ‘संदर्भावरून अर्थ लावावा’ असे आपण म्हणतो. पण संदर्भ म्हणजे आपल्या मनात तयार झालेली कथा नव्हे. ती पहिल्या चुकीवरच उभी असू शकते. संदर्भ म्हणजे कागदावर असलेले ते: शब्दाचा शेवट, मागचे उपपद, पुढचा शब्द, जवळचे क्रियापद, दिलेले कारण. ते आधी पाहावे आणि मग कथा रचावी.

हे सारे मी समासात ठणकावून लिहिले आणि त्याच भरात पुढच्या वाक्यावर लेखणी चालविली. ‘आ तेरेसा वेन्ने उन कोल्पो.’ भाषांतरकाराने लिहिले होते, ‘तेरेसाला झटका बसला.’ मला माहीत होते की, कुणाला ‘कोल्पो येतो’ तेव्हा तो पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा असू शकतो. मी ‘बसला’ खोडून ‘आला’ केले आणि शेजारी खुलासा केला: पक्षाघात. बाई आधीच काळजीने पोखरलेली, वर ही बातमी. मला ते शोकान्त वळण फार पटले.

आठवड्याने हस्तलिखित परत आले. माझ्या बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या त्याने मान्य केल्या होत्या. या एका ठिकाणी मात्र पुढचा परिच्छेद अधोरेखित करून त्याने बारीक अक्षरांत विचारले होते: “सर, पक्षाघात झालेली बाई तीन जिने धावत कशी उतरते?”

पुढच्या परिच्छेदात खरोखरच तेरेसा रिसीव्हर ठेवते आणि ‘त्रे प्यानी दि कोर्सा’, तीन मजले धावत उतरते, नवऱ्याला गाठायला. तो परिच्छेद मी वाचलेला होता. पण पहिल्या वाक्यावर माझी स्वतःची कथा तयार झाली होती आणि मी तिच्यातच रमलो होतो. इटालियन माणूस दचकला, हादरला म्हणजेही त्याला ‘कोल्पो’ येतो, आणि रोजच्या बोलण्यात बहुधा तेवढेच म्हणायचे असते. वाक्यातल्या खुणा इथे दोन्ही अर्थांना सारख्याच साक्ष देत होत्या; निवाडा पुढच्या परिच्छेदात होता, आणि तो तेरेसाच्या पायांनी दिला.

मी ‘आला’ खोडला आणि त्याचा ‘बसला’ परत लिहिला. मराठीत झटका येतो तेव्हा माणूस आडवा होतो, झटका बसतो तेव्हा तो उभाच असतो. हा फरक त्या तरुणाने कोशात पाहिला नव्हता. तो त्याच्या घरातल्या मराठीत होता. इटालियनमध्ये त्याचा कान अजून कच्चा होता, तो पिकेल. माझे डोळे मात्र, पान उलटण्याआधी अर्थ ठरवायचा नाही, हे या वयात शिकले.