डाक आणि रत्न : गौण पात्रांचे कार्य कसे सिद्ध करावे?

जवाहिरे कोंदणात खडा बसविताना त्याच्याखाली धातूचा एक पातळ, चकचकीत पत्रा घालीत. त्याला डाक म्हणतात. डाक स्वतः दिसत नाही. पण खड्याचे पाणी तिच्यामुळे खुलते. इंग्रजी समीक्षेत ज्या गौण पात्रामुळे प्रधान पात्राचे स्वरूप उजळते, त्याला याच पत्र्याचे नाव आहे. आपल्याकडे त्यासाठी ‘विरोधी पात्र’ हा शब्द रूढ झाला आणि त्यातून एक गैरसमज बळावला. दोन पात्रांत विरोध दाखविला की काम झाले, असे आपले विद्यार्थी समजतात आणि पुष्कळदा आपणही समजतो. एक शांत, दुसरा तापट. एक विचारी, दुसरा भावनाशील. अशा जोड्या लावून प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते. परंतु कोणत्याही मोठ्या कादंबरीत अशा जोड्या शेकड्यांनी निघतील. विरोध असणे निराळे आणि त्या विरोधाने काही प्रकाशित होणे निराळे. दुसरी गोष्ट सिद्ध करावी लागते. ती कशी करावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

टॉलस्टॉयची ‘आना कारेनिना’ 1875 ते 1877 या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आठ भागांपैकी सहाव्या भागात एक लहानसा प्रसंग आहे. लेविनच्या गावी उन्हाळ्यासाठी पाहुणे जमले आहेत. त्यांत लेविनचा सावत्र भाऊ, विद्वान लेखक सेर्गेय कोझ्निशेव्ह आणि किटीची निराधार, सेवाभावी मैत्रीण वारेन्का ही दोघे आहेत. मुलांना घेऊन मंडळी रानात अळंबी वेचायला जातात. कोझ्निशेव्ह वारेन्काला मागणी घालणार, असा सर्वांचा अंदाज असतो. तो मागणी घालीत नाही. कथानकाच्या दृष्टीने घडते ते एवढेच.

ही प्रकरणे काढून टाकली तर पुढच्या एकाही घटनेत फरक पडत नाही. आना, व्ह्रॉन्स्की, लेविन यांपैकी कोणाचेही भवितव्य त्यावर अवलंबून नाही. आपल्या युक्तिवादाचा आरंभ इथून व्हावा. जे पात्र कथानकाला ढकलीत नाही आणि तरीही ज्याच्यासाठी लेखक पाने खर्ची घालतो, त्याचे कार्य अन्यत्र शोधणे भाग पडते. पण एवढ्याने ते पात्र डाकेचे काम करते असे ठरत नाही. शोधाला जागा आहे, इतकेच ठरते.

दुसरी पायरी अशी की, ही तुलना वाचकाची आहे की ग्रंथाची, हे दाखविले पाहिजे. इथे पुरावा भक्कम आहे. रानात जाण्यापूर्वी घरातील स्त्रिया फळांचा मुरांबा शिजवीत बसल्या आहेत आणि बोलणे कोणी कशी मागणी घातली यावर आले आहे. लेविनने खडूने लिहून विचारले, याची किटीला तिथे आठवण होते. चौथ्या भागातला तो प्रसंग वाचकाच्याही मनात जागा होतो. त्या वेळी पत्त्यांच्या टेबलावर लेविनने शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहिली होती आणि किटीने त्यांवरून पुरी वाक्ये ओळखली होती. म्हणजे रानातल्या प्रसंगाशेजारी खडूचा प्रसंग समीक्षकाने आणून ठेवलेला नाही. टॉलस्टॉयने स्वतः ठेवला आहे.

आता फरक कोणता? सहज सुचणारे उत्तर असे : लेविन हृदयाचा माणूस, कोझ्निशेव्ह बुद्धीचा, म्हणून एकाला प्रेम लाभले, दुसऱ्याला नाही. या उत्तराला आधारही सापडतो, कारण आपल्या भावाविषयी लेविन स्वतः जवळजवळ हेच म्हणतो. तथापि पात्राचे मत हा ग्रंथाचा निर्णय नव्हे. रानात कोझ्निशेव्ह थंड नाही. पांढरा रुमाल बांधलेली, मुलांच्या घोळक्यातली वारेन्का पाहून त्याला तारुण्यातला आनंद पुन्हा जाणवतो. तो सिगार पेटवून तिच्या गुणांचा हिशोब मांडतो हे खरे. पण त्या हिशोबाचा कौल होकाराकडेच असतो. दिवंगत प्रेयसीशी एकनिष्ठ राहण्याचा जुना निश्चयही त्या क्षणी त्याला अडसर वाटत नाही. म्हणजे ‘शुष्क बुद्धी’ हे कारण प्रसंगाच्या तपशिलावर टिकत नाही.

मग तपशील काय सांगतो? दोघे मुलांपासून दूर जातात. त्याने मनात वाक्ये जुळवून ठेवली आहेत. तिलाही काय येणार ते ठाऊक आहे. शांततेनंतर बोलणे सोपे झाले असते. पण तीच, जणू इच्छेविरुद्ध, अळंब्यांविषयी काही बोलते. तो चिडतो, तरी उत्तर अळंब्यांचेच देतो. शेवटी जुळवलेली वाक्ये सोडून तो अळंब्यांच्या दोन जातींतला फरक विचारतो. ती ओठ थरथरत असताना उत्तर देते आणि आता काही होणार नाही हे दोघांनाही कळते.

‘दोघांनाही कळते’ हा इथला महत्त्वाचा दुवा आहे. खडूच्या अक्षरांप्रमाणे अळंब्यांचे शब्दही वरवर निरर्थक आहेत आणि त्यांचा खरा अर्थ दोन्ही माणसांना अचूक समजतो. तेव्हा ‘लेविन-किटी एकमेकांना समजतात, ही दोघे समजत नाहीत’ हा विरोधही खोटा ठरतो. परस्परांना ओळखणे दोन्हीकडे सारखेच आहे. फरक इतकाच की टेबलाशी दोघांनीही एकेक पाऊल पुढे टाकले आणि रानात दोघांनीही ते मागे घेतले. म्हणून परतताना लेविन विचारतो तेव्हा किटी दोष एकाला देत नाही, दोघांनाही देते.

डाकेचा प्रकाश लेविनवर पडतो तो इथे. त्याचा विवाह त्याच्या गुणांचे बक्षीस म्हणून आपण वाचू लागलो असतो. पहिल्या भागात त्याने सरळ शब्दांत मागणी घातली होती आणि नकार मिळवला होता, हे विसरलेलो असतो. गुण असलेल्या दोन माणसांनाही हे सुख निसटू शकते, हे कोझ्निशेव्ह आणि वारेन्का दाखवितात. हे अनुमान ओढूनताणून काढलेले नाही, याचाही पुरावा ग्रंथात आहे. त्या संध्याकाळी लेविन आणि किटी यांना आपले प्रेम विशेष जाणवते आणि त्याच वेळी, ज्यांना हे हवे होते पण साधले नाही त्यांच्यापुढे, आपल्या सुखाची लाज वाटते. प्रधान पात्रांच्या मनात असा बदल दाखविता आला, म्हणजे गौण पात्राचे कार्य सिद्ध झाले.

मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. मागणी न आल्यावर वारेन्काला दुःख आणि लाज वाटते, पण त्याबरोबर हायसेही वाटते. हे हायसे वाटणे लेविन किंवा किटीवर कोणताही प्रकाश टाकीत नाही. ते तिचे एकटीचे आहे. विद्यार्थ्याने ते आपल्या सूत्रात कोंबू नये आणि सूत्रात बसत नाही म्हणून गाळूही नये. डाक म्हणून वापरलेला पत्रा केवळ पत्राच असतो. टॉलस्टॉयच्या गौण पात्रांविषयी तसे म्हणता येत नाही. उत्तरपत्रिका तपासताना ‘विरोधी पात्र’ या शब्दाला गुण देण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्यात : साम्य कोणते, ग्रंथाने ते कुठे दाखविले, आणि त्यामुळे प्रधान पात्राविषयीचे आपले कोणते मत बदलले. तिसऱ्याचे उत्तर ‘कोणतेच नाही’ असे असेल, तर पहिल्या दोहोंत कितीही पाने भरली असली तरी युक्तिवाद झालेला नाही.