नावाआधीची ओळ

गृहप्रवेशाच्या वेळी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं असतं, दार अडवून नणंद उभी असते आणि मागून बायकांचा गलका सुरू असतो, ‘नाव घे, नाव घे’. नवी सून दोन ओळी म्हणते, टाळ्या पडतात, माप लवंडतं, वऱ्हाड आत जातं. हल्ली या दोन ओळी लक्षपूर्वक ऐकल्या, तर पहिल्या ओळीचा दुसरीशी काही संबंध उरलेला नाही असं वाटतं. पहिलीत चांदीचं ताट, महादेवाची पिंड, गुलाबाचं फूल किंवा ताजमहाल यांपैकी काहीतरी असतं. दुसरीत अमुकरावांचं नाव घेते, तमक्या दिवशी. यमक जुळतं आणि काम भागतं. उखाण्याची आजची स्थिती तपासायची, तर या पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागेल.

एके काळी ही ओळ कमकुवत असली तरी चालून जायचं, कारण सगळं बळ नावात असायचं. नवऱ्याचं नाव उच्चारलं तर त्याचं आयुष्य घटतं, ही समजूत पक्की होती. बायको ‘इकडून’ म्हणे, ‘अहो’ म्हणे, फार तर मुलाच्या नावाने ‘अमक्याचे बाबा’ म्हणे. वर्षभर ओठांत अडवलेलं नाव सासू-सासऱ्यांसमोर, भरल्या मांडवात उच्चारायची परवानगी फक्त यमकात होती. त्यामुळे आधीच्या ओळीत काही का असेना, ऐकणाऱ्यांचे कान नावावर लागलेले असत आणि नाव आलं की हशा आपोआप पिकायचा.

ते बंधन गेलं, हे फार चांगलं झालं. त्याबद्दल हळहळायचं काही कारण नाही. पण त्याबरोबर उखाण्याचं फुकटचं बळही गेलं. लग्नाआधी दोन वर्षं ज्याला ‘अरे सम्या’ म्हणून हाक मारली, त्याचं नाव घेताना लाजण्याचं नाटकच करावं लागतं. ‘समीररावांचं’ हा उच्चार तर भाड्याच्या फेट्यासारखा वाटतो, तेवढ्या दिवसापुरता. नाव गुपित राहिलेलं नाही, तर उखाण्याला आता नावाखेरीज काहीतरी सांगावं लागेल. त्या माणसाबद्दल नुसत्या नावातून कळत नाही असं काहीतरी. आजचे बहुतेक उखाणे फसतात ते इथे. बंधनाच्या काळातला साचा त्यांनी तसाच ठेवला आणि बंधन गेल्यावर मोकळी झालेली जागा भरलीच नाही.

हा साचा आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. ‘...रावांचं नाव घेते, अमक्या दिवशी’ या रचनेत नाव ओळीच्या सुरुवातीला किंवा मध्ये येतं आणि यमक ‘दिवशी’, ‘वेळी’, ‘मान राखून’ अशा शब्दांवर पडतं. म्हणजे यमकाला नावाशी देणंघेणं नाही. अवघड नावांसाठी ही मोठी सोय होती. ‘पुष्कर’ किंवा ‘विक्रम’ यांना जुळणारे शब्द थोडे, त्यातून मांडवाला शोभणारे आणखी थोडे. अशा वेळी नाव मध्ये सरकवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण याच सोयीमुळे उखाणा कुणाचाही कुणालाही चालू लागला. आधी स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या पातळ पुस्तिकांमध्ये नावाच्या जागी टिंबं आली, मग तीच टिंबं मोबाइलवर फिरू लागली. झी मराठीवरच्या ‘होम मिनिस्टर’ने 2004पासून घरोघरच्या बायकांना कॅमेऱ्यासमोर नाव घ्यायला लावलं. त्यातून संकोच मोडला हे खरं आणि ते मोलाचं. पण दूरदूरच्या गावांत एकाच घडणीचे उखाणे ऐकू येऊ लागले, तेही याच वाटेने. टिंबं असलेला उखाणा पाठ करायला सोपा असतो. त्यात तो विशिष्ट माणूस मात्र कुठेच नसतो.

म्हणून उखाण्याची पारख करताना मी नाव बदलून पाहते. समीरच्या जागी सचिन घातला आणि काहीच बिघडलं नाही, तर तो उखाणा समीरचा नव्हताच. मग पहिली ओळ काढून पाहायची. ती गेल्यावर दुसरी लंगडी झाली नाही, तर पहिली नुसती भर होती.

एक उदाहरण सावकाश करून पाहू. समजा, नवऱ्याचं नाव समीर. आधी यमकं गोळा करायची: धीर, खीर, उशीर, गंभीर, अबीर, कोथिंबीर, तीर, फकीर. हौशी माणसाचा हात लगेच खिरीकडे जातो:

सोन्याच्या ताटामध्ये केशर घातली खीर,
माझ्या मनाचे राजे झाले आजपासून समीर.

यमक शुद्ध आहे. पण सोन्याचं ताट कुणाच्याच घरी नाही आणि मनाचा राजा कुणीही असू शकतो. आता खीर बाजूला ठेवून माणसाकडे पाहू. समजा, हा समीर सगळीकडे उशिरा पोचतो आणि दोन्ही घरांना ते ठाऊक आहे. मग ‘उशीर’ आणि ‘धीर’ हे दोन शब्द एकदम जिवंत होतात. पहिला खर्डा असा निघेल:

मुहूर्त टळत आला, मामांचा सुटला धीर,
‘उशीर झाला का?’ विचारत घोड्यावरून उतरले समीर.

गंमत आली, पण दुसरी ओळ लांबली. लिहिलेली अक्षरं मोजली तर पहिली आठ-आठ अशी सोळा भरते आणि दुसरी बावीसपर्यंत जाते. उखाण्याला वृत्ताचं बंधन नाही, ओवीसारखी सैल चाल त्याला पुरते. पण दोन ओळी कानाला साधारण सारख्या लागायला हव्यात. नाही तर म्हणणारीचा श्वास नावाच्या नेमका आधी संपतो आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द पुटपुटला जातो. इथे घोडा अनावश्यक आहे. तो काढला आणि प्रश्न थोडा बदलला की:

मुहूर्त टळत आला, मामांचा सुटला धीर,
‘उशीर तर नाही ना?’ म्हणत आले समीर.

आता दोन्ही ओळी आठ-आठच्या झाल्या. ‘उशीर’ यमकाच्या जागी न जाता ओळीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे धीर-उशीर-समीर असा नाद तीनदा वाजतो आणि शेवटचा ठोका नावावर पडतो. आंतरपाटाआड वाट पाहणारी मुलगी, तिच्यामागे उभे असलेले मामा, घामाघूम होऊन पोचलेला नवरा, सगळं दोन ओळींत मावतं. इथे सचिन चालणार नाही. पहिली ओळ काढली तर दुसरीतला प्रश्न लोंबकळत राहील.

उशिराची चेष्टा चालते, कारण त्यावर समीर स्वतःही हसेल. त्याची गेलेली नोकरी, उडालेले केस किंवा सासूबाईंचा स्वभाव उखाण्यात आणला, तर समोर बसलेल्यांपैकी एकाला खोटं हसावं लागतं, आणि ते सगळ्यांना दिसतं. विनोदाची ही हद्द जुन्या बायकांना नेमकी कळे. टोमणा मारायचा तर त्या तो दिरावर किंवा विहिणीवर, रुखवताच्या वेळी मारत; तिथे उलट उत्तर द्यायची मुभा असे. उंबऱ्यावर ती नसते.

पुरुषांच्या उखाण्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यावर पाळी येते ती बहुधा घास भरवताना, आणि ‘घास’ हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवण्याची खोड सगळ्यांनाच. एकदा तो शेवटी ठेवला की वाट ठरलेली: खास, सुवास, सहवास, विश्वास, प्रवास. या पाचांत आजवर इतके उखाणे झाले आहेत की, ‘खास’ ऐकताच मांडव पुढची ओळ आधीच म्हणून टाकतो. ज्यांना एवढंही जमत नाही ते मेथीच्या भाजीचा सर्वांना पाठ असलेला उखाणा म्हणून मोकळे होतात. उपाय सोपा आहे: घास पुढे न्या, शेवट नावाला द्या. बायकोचं नाव रेवा असेल तर मेवा, सेवा, ठेवा, हेवा असे शब्द हाताशी आहेत.

घास भरवतो आज, मित्रांना वाटतो हेवा;
उद्यापासून कुकर मी लावतो, झोप, रेवा!

यात ‘नाव घेतो’ हे शब्दच नाहीत. नाव हाक म्हणून आलं आहे. हे जुन्या उखाण्याला शक्यच नव्हतं, कारण तो जोडीदाराबद्दल इतरांना सांगायचा, थेट जोडीदाराशी बोलायचा नाही. बंधन गेल्यामुळे जर काही नवं हाती लागलं असेल, तर ते हे संबोधन. बाईच्या तोंडी तर ते आणखी खुलेल. तरी आजच्या मुली ते वापरत नाहीत. घरी ‘अरे’ म्हणणारी मांडवात ‘रावांचं’वरच येते. माझ्या मते, उखाण्याच्या आजच्या दारिद्र्याचं सर्वांत मोठं कारण मोबाइल नाही, इंग्रजी शब्द तर नाहीतच. ही दबलेली हाक आहे. वायफाय आणि पासवर्ड उखाण्यात आले म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. नवी वस्तू यमकापुरती येते की त्या दोघांच्या गोष्टीत काही काम करते, एवढंच पाहावं.

मोबाइलने नुकसान केलं ते म्हणण्याचं. चांगला उखाणा म्हणणारी नावाआधी क्षणभर थांबते. लांब उखाण्यांत तर हे थांबणं हीच कला होती. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडचं जे साहित्य गोळा केलं, त्या परंपरेतल्या लांब उखाण्यात बाई अंगणातून निघते, ओसरीवर येते, माजघरातली उतरंड, चुलीवरचं आधण, देव्हाऱ्यातली समई असं एकेक दाखवत जाते. एका वस्तूचा हात धरून दुसरी येते आणि ऐकणाऱ्यांना नाव आता येईल, मग येईल असं वाटत राहतं. ती लांबण आज कुणी ऐकणार नाही. पण तिच्यातली नाव रोखून धरण्याची रीत दोन ओळींतही साधता येते. ‘म्हणत आले’ नंतर श्वासभर थांबून बघा. नजर पडद्यावर असेल तर हे थांबणं जमत नाही, वाचणारी वाचतच सुटते. उखाणा जमला की नाही हे टाळ्यांवरून ओळखू नये, टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. हसू नावाच्या नंतर एकदम फुटलं, तर तो जमला.

उखाण्यांचे छापील संग्रह प्रसंगांनुसार लावलेले असतात: गृहप्रवेश, घास, मंगळागौर, डोहाळजेवण. जिला स्वतः रचायचं आहे, तिला त्यांचा फारसा उपयोग नाही. तिला हवी नावांच्या शेवटावरून लावलेली यमकांची वही. ‘-ईर’च्या पानावर समीर, सुधीर, कबीर, ‘-एश’च्या पानावर महेश, राजेश, ऋषिकेश आणि समोर देश, वेश, संदेश, प्रवेश. ‘-आर्थ’च्या पानावर सिद्धार्थ, पार्थ आणि समोर स्वार्थ, परमार्थ, यातला ‘स्वार्थ’ विनोदाला फार उपयोगी. आज पाळण्यात असलेल्या मुलांची पानंही उघडून ठेवायला हरकत नाही. विहानच्या बायकोला लहान, तहान, महान आणि थोडं कान मिटून गहाण, एवढं भांडवल मिळेल. आरवच्या समोर मात्र गौरव आणि कौरव एवढेच दिसतात, आणि गौरव वापरून गुळगुळीत झालेला आहे.