न पाहिलेली कविता आणि पाठ केलेले उत्तर

खाप्यात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी घेतलेल्या सराव परीक्षेत मी एक अपठित कविता ठेवली होती. कोणत्याही गाइडमध्ये सापडू नये म्हणून ती मीच लिहिली. ती अशी:

माग थांबला, तसा आजोबांनी
धोटा पुसून फळीवर ठेवला.
कन्हानला पूर आला, ओसरला.
पोरं बुटीबोरीला कामाला लागली.
आई दिवाळीला घर झाडते,
फळीही पुसते;
धोटा तेवढा उचलत नाही.

प्रश्न एकच होता : या कवितेचे रसग्रहण करा. त्या उत्तरपत्रिकांमधून दिसलेले दोष इथे मांडतो. आपल्याकडे कवितावाचनाची काय अवस्था आहे, ते त्यांवरून कळते.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे कविता वाचण्याआधीच उत्तर तयार असणे. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन अंगे शिकवली जातात. मांडणी चांगली आहे, पण तिथल्या ओळी पाठ्यपुस्तकातल्या असतात आणि त्यांची उत्तरे बाजारात मिळतात. मुले मग तीन मथळे आणि त्यांखालची वाक्ये पाठ करतात. या कवितेत यमक नाही, तरी ‘यमकामुळे कवितेला नादमाधुर्य लाभले आहे’ हे वाक्य अनेकांनी लिहिले. कन्हानचे नाव दिसताच ‘कवीने निसर्गाचे विलोभनीय चित्रण केले आहे’ असे आले, काहींनी तर पुराच्या ओळीत चेतनगुणोक्ती शोधली. नदीला पूर येणे ही साधी घटना आहे. त्या ओळीत निर्जीवाला माणसाचे वागणे दिलेले नाही.

दुसरा दोष साध्या अर्थाचा. खापा हे विणकरांचे जुने गाव, तरीही धोटा म्हणजे काय हे बऱ्याच मुलांना माहीत नव्हते. माग बंद पडल्यावर शब्दही घरातून जातो, यात मुलांचा दोष नाही. पण शब्द अडला तर शेजारच्या शब्दांकडे पाहायचे असते. माग थांबल्यावर पुसून ठेवलेली वस्तू मागाचीच असणार, एवढे कवितेतूनच कळते. ज्यांनी तसे पाहिले नाही त्यांनी धोट्याला जुना देव्हारा ठरवले, कुणी औषधाची बाटली ठरवले आणि पुढचे सगळे उत्तर त्यावर रचले.

तिसरा दोष मला जास्त बोचतो, कारण तो हुशार मुलांच्या पेपरात असतो. कविता संपते तिथून त्यांचा निबंध सुरू होतो. ‘आपण परंपरा जपली पाहिजे’, ‘यंत्रयुगाने कारागिरांचा घास हिरावला’. हे खरे असेल, पण कवितेत आई कुणाला दोष देत नाही, काही बोलतही नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे न सांगता कविता वाटल्या आणि आलेले अभिप्राय तपासून 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिले. साधा अर्थ न कळणे आणि कविता ओळखीच्या भावनेच्या साच्यात बसवणे, हे दोन्ही दोष त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. म्हणजे हा आजार फक्त आपल्या तालुक्याचा नाही.

मग चांगले उत्तर कसे असते? एका मुलीने मथळे दिले नव्हते, अलंकाराचे नाव घेतले नव्हते. तिने क्रियापदांकडे पाहिले. थांबला, ठेवला, आला, ओसरला, लागली : सगळे होऊन गेलेले. फक्त आईची क्रियापदे वर्तमानातली आहेत : झाडते, पुसते, उचलत नाही. बाकीच्यांसाठी माग संपला, आईसाठी तो दर दिवाळीला पुन्हा समोर येतो, असे तिने लिहिले. ‘तेवढा’ या शब्दाकडेही तिचे लक्ष गेले. आई सगळे हलवते, एकच वस्तू जिथल्या तिथे राहू देते. आजोबा आहेत की गेले हे कविता सांगत नाही, हेही तिने नोंदवले. न सांगितलेले रिकामेच ठेवणे, ही समज फार थोड्या पेपरांत दिसते.

तिचे उत्तर पाऊण पानाचे होते. अडीच पानांच्या कित्येक उत्तरांत कवितेतला एकही शब्द उद्धृत केलेला नव्हता. गोची इथे आमचीही आहे. गुणदान करताना मथळे मोजले की मुले मथळेच देणार.

म्हणून शिक्षक मित्रांना विनंती आहे. आठवड्यातून एक तास कवीचे नाव झाकून एक छोटी कविता फळ्यावर लिहा. पहिली दहा मिनिटे अलंकार, संदेश, कवीचा परिचय काहीही विचारू नका. कोण, कुठे, कधी, काय करते एवढेच विचारा. आणि पेपर तपासताना ज्या विधानामागे कवितेतला शब्द उभा आहे, त्यालाच गुण द्या.