एका विशेषणाचा निकाल

न्यायालयीन नाट्यातील बचावाचे अंतिम भाषण दुहेरी संबोधनाचे असते. वकील ज्यूरीशी बोलतो आणि त्याच शब्दांतून लेखक प्रेक्षकांशी बोलत असतो. घटना दोघांनाही ज्ञात असल्याने असे भाषण नवी माहिती देत नाही. माहितीचा क्रम मात्र ते बदलू शकते. जॉन ग्रिशॅम यांच्या 'अ टाइम टू किल' (१९८९) या कादंबरीवर जोएल शूमाकर यांनी १९९६ मध्ये काढलेल्या चित्रपटातील भाषण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मिसिसिपीतील कार्ल ली हेली या कृष्णवर्णीय पित्याच्या दहा वर्षांच्या मुलीवर दोन गोरे तरुण अत्याचार करतात. पिता त्यांना न्यायालयाच्या इमारतीतच गोळ्या घालतो. त्या क्षणी त्याला वेड लागले होते, हा बचाव मानसतज्ज्ञाची विश्वासार्हता कोसळताच दुबळा होतो. तेव्हा वकील जेक ब्रिगन्स सर्व गोऱ्या ज्यूरीला डोळे मिटायला सांगतो आणि घरी निघालेल्या एका मुलीची हकीकत सांगू लागतो. रस्ता, बिअरचे डबे, झाडाची फांदी, पूल असे तपशील एकेक करून येतात. मुलीचे नाव मात्र येत नाही. शेवटी तो एवढेच सुचवतो की, आता ही मुलगी गोरी आहे अशी कल्पना करा.

सारा परिणाम या एका विशेषणावर उभा आहे. ते आधी आले असते, तर ज्यूरी सावध झाली असती. अखेरीस आल्यामुळे ते ऐकणाऱ्याला त्याच्या आधीच्या करुणेचे माप दाखवते. नाव गाळून वक्त्याने जणू साधारणीकरण साधू पाहिले होते. त्याच्या आड काय आले, हे त्या विशेषणाने उघड केले. पण त्यापुढे जे घडते ते साधारणीकरण नव्हे. आपल्या काव्यशास्त्रात रसानुभव 'माझे' आणि 'परक्याचे' या दोन्ही बंधनांतून सुटलेला असतो. येथे ज्यूरीचे हृदय हलते ते दुःख 'माझे' झाल्यावरच.

कादंबरीत ही कल्पना वकिलाच्या तोंडी नाही. ज्यूरीच्या बंद खोलीत एक स्त्री-सदस्य ती इतरांपुढे मांडते. हा बदल केवळ तांत्रिक नाही. कादंबरीत पूर्वग्रहाचा शोध पूर्वग्रह बाळगणाऱ्यांमधूनच लागतो. चित्रपटात तो वक्तृत्वाचा विजय ठरतो. शिवाय आरोपीच्या मनःस्थितीचा कायदेशीर प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरितच राहतो.

त्यामुळे या भाषणाचे यश अस्वस्थ करणारे आहे. ते वर्णभेद उघडा पाडते. पण निकाल मिळवते ते त्याच भेदाचा आधार घेऊन. जिच्या वेदनेसाठी सारा खटाटोप झाला, तिला न्याय मिळण्याच्या क्षणी तिच्याच जागी दुसरी मुलगी उभी करावी लागते.