तक्रारीचा तक्ता : एका भित्तीपत्रकाचे वाचन

जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्हरांड्यात, फळ्याशेजारी, शाळा व्यवस्थापन समितीचा एक फ्लोचार्ट लावलेला आहे. शीर्षक ‘तक्रार निवारण कार्यपद्धती’. त्यात बारा चौकटी आहेत आणि सोळा बाण. बारांपैकी तीन चौकटी उभ्या समभुज चौकोनाच्या, म्हणजे निर्णयाच्या. त्यांना मी प्रश्नचौकटी म्हणेन. एखाद्या कथेची संहिता वाचावी तसा हा तक्ता मी वाचला. त्याचा लेखक समिती आहे आणि वाचक आहे तक्रार घेऊन आलेला पालक. मजकूर लेखकाला कळतो की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. आपला कागद आता कोणाकडे आहे आणि पुढे कोणाकडे जाईल, हे पालकाला उभ्या उभ्या कळले पाहिजे.

तक्त्याचा कणा सरळ आहे. पालकाची तक्रार वर्गशिक्षकांकडे जाते. ‘निराकरण झाले का?’ ही पहिली प्रश्नचौकट. ‘होय’ असेल तर ‘पालकांना कळवणे’ आणि मग ‘समाप्त’. ‘नाही’ असेल तर मुख्याध्यापक, आणि तिथे दुसरी प्रश्नचौकट : ‘स्वरूप गंभीर आहे का?’ गंभीर असल्यास सदस्य-सचिव, त्यानंतर अध्यक्ष, मग उपसमितीची चौकशी आणि शेवटी तिसरी प्रश्नचौकट, ‘समितीचा निर्णय’. बाजूला ‘नोंदवही’ अशी एक चौकट आहे.

प्रथम रेघांविषयी. या कागदावर सहा ठिकाणी रेघा एकमेकींना छेदतात. हेलन पर्चेस यांनी १९९७ मध्ये आकृत्यांच्या आकलनाची तुलना केली, तेव्हा आकृतीच्या मांडणीतील निरनिराळ्या गुणदोषांत रेघांच्या छेदांचा परिणाम सर्वांत मोठा आढळला. रेघेतील वळणे आणि आकृतीची सममिती त्यामानाने कमी महत्त्वाची ठरली. पुढे वायडाँग हुआंग यांनी दाखवले, की छेद काटकोनाच्या जवळ असला तर डोळा फारसा अडखळत नाही. कोन लहान होत गेला की वाट चुकते. आपल्या तक्त्यातील दोन छेद अगदी लहान कोनात आहेत. तिथे बोट ठेवून पुढे सरकले, तर ते सहज दुसऱ्याच रेघेवर जाते.

हे छेद अटळ आहेत का, हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे : तक्ता पुन्हा काढून पाहणे. सहापैकी चार छेद नोंदवहीकडे जाणाऱ्या बाणांमुळे होतात. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि उपसमिती या तिघांकडून तिच्याकडे बाण गेले आहेत. पण नोंद करणे हा तक्रारीच्या प्रवासातील टप्पा नाही. तो प्रत्येक टप्प्यावर करायचा व्यवहार आहे. त्या तीन चौकटींच्या कोपऱ्यात ‘नों.’ एवढी खूण केली, की एक चौकट, तीन बाण आणि चार छेद एकदम जातात. उरलेले दोन छेद एकाच रेघेवर आहेत. दुसऱ्या प्रश्नचौकटीपासून वर्गशिक्षकांकडे परत जाणारी रेघ डाव्या बाजूने जाते. ‘पालकांना कळवणे’कडे जाणारी रेघ आणि शेवटच्या निर्णयापासून मुख्याध्यापकांकडे परतणारी रेघही डावीकडूनच जाते. ही शेवटची दोन उजवीकडे नेली, तर तक्त्यात एकही छेद उरत नाही. कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात होणारे हे काम आहे.

चौकटींचे आकार मात्र अधिक बोलके आहेत. ‘मा. अध्यक्ष’ ही चौकट सर्वांत मोठी आहे आणि तिच्यात दोनच शब्द आहेत. ‘पालकाची तक्रार’ सर्वांत लहान. उपसमितीच्या चौकटीत चौतीस शब्द कोंबले आहेत. देवनागरीला वर शिरोरेषा आणि मात्रा, खाली उकार लागतात; ओळींमधले अंतर आवळले, की मजकुराच्या आडव्या रेघा चौकटीच्या कडेला भिडतात आणि बाण कुठे संपतो तेच दिसत नाही. आकार टप्प्याच्या कामावरून ठरावा, मानावरून नव्हे. मजकूर मावत नसेल तर बहुधा त्या चौकटीत दोन टप्पे दडलेले असतात. इथे ते आहेतच. त्या चौतीस शब्दांत ‘आवश्यक वाटल्यास संबंधितांचे म्हणणे ऐकून’ असे लिहिले आहे. हा टप्पा नव्हे, हा निर्णय आहे. कोणाला आवश्यक वाटल्यास? पालकाचे म्हणणे ऐकायचे की नाही, हा तक्त्यातील सर्वांत मोठा प्रश्न प्रश्नचौकटीबाहेर, बारीक अक्षरांत गेला आहे.

वाचनाच्या दिशेबाबत तक्ता प्रथमदर्शनी चांगला आहे. क्रम वरून खाली उतरतो, म्हणजे खाली जाणे म्हणजे पुढे जाणे, हे कोणालाही कळते. याच शिस्तीमुळे वर जाणारे बाण उठून दिसतात. ते दोनच आहेत. ‘गंभीर नाही’ असे ठरल्यास तक्रार वर्गशिक्षकांकडे परत जाते. निर्णयानंतरचा दुसरा बाण मुख्याध्यापकांकडे परततो. किती वेळा परतावे, याची मर्यादा कुठेही नाही.

आता एक तक्रार हातात घेऊन चालू. समजा, वर्गशिक्षकांनी मुलाला मारले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तक्त्याप्रमाणे पालकाने ही तक्रार प्रथम त्याच वर्गशिक्षकांकडे द्यायची. निराकरण झाले नाही, तर मुख्याध्यापक. त्यांनी ‘गंभीर नाही’ म्हटले, तर पुन्हा त्याच शिक्षकांकडे. हे चक्र बंद आहे. आणि मुख्याध्यापकांविषयीच तक्रार असेल तर? पुढची चौकट ‘सदस्य-सचिव’. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य-सचिव मुख्याध्यापकच असतात. एकच व्यक्ती दोन चौकटींत, दोन नावांनी बसली आहे. बाण पाहून पालकाला वाटते, कागद पुढच्या हाती गेला. तो असतो त्याच टेबलावर.

तिसऱ्या प्रश्नचौकटीतून दोन बाण निघतात, एक ‘पालकांना कळवणे’कडे आणि एक मुख्याध्यापकांकडे, पण दोन्हींवर काहीच लिहिलेले नाही. चौकटीतला मजकूरही प्रश्न नाही. ‘समितीचा निर्णय’ याला होय-नाही असे उत्तर देता येत नाही. ‘तक्रारीत तथ्य आढळले का?’ असे विचारले असते, तर ‘होय’च्या बाणापुढे कारवाईची चौकट लिहावी लागली असती. ती चौकट तक्त्यात नाही. पालकाला कळवले, की तक्ता संपतो.

कायदा तिथे संपत नाही. कलम ३२ प्रमाणे पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो, त्या प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. व्हरांड्यातल्या कागदावर शाळेबाहेर जाणारा एकही बाण नाही.

फ्लोचार्टचा पूर्वज म्हणजे फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील अभियंत्यांपुढे मांडलेले प्रक्रिया-तक्ते. एखादे काम कोणकोणत्या टप्प्यांतून जाते आणि कुठे अडून राहते, हे दाखवण्यासाठी ते होते. शाळेचा तक्ता तक्रार कुठे अडते ते दाखवतोच, मात्र ते दाखवण्याचा त्याच्या कर्त्यांचा हेतू नव्हता.

म्हणून या तक्त्याच्या दुरुस्त्यांचे दोन भाग पडतात. छेद, आकार आणि बाणांची टोके कोणीही नीट करील. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याची चौकट वगळून वाट कुठून निघावी, ‘गंभीर’ कशाला म्हणायचे, किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि तथ्य आढळल्यावर काय करायचे, हे पट्टीने ठरत नाही. त्यासाठी समितीची सभा आणि ठराव लागतो. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. नवा तक्ता भिंतीवर लावण्याआधी त्यांच्यापैकी एकाने मुख्याध्यापकांविरुद्धची एक काल्पनिक तक्रार घेऊन पहिल्या चौकटीपासून बोट फिरवावे. बोट मुख्याध्यापकांच्या चौकटीत न शिरता शेवटपर्यंत पोहोचले, तर तक्ता लावण्याजोगा झाला.