एकशे सात कोटी रंग आणि अंधारातले पट्टे

मोबाईलच्या खोक्यावर आणि जाहिरातीत हल्ली एक आकडा ठळकपणे छापलेला असतो : 107 कोटी रंग. त्याच्या शेजारी बहुधा '10 बिट पडदा' असेही लिहिलेले असते. जुन्या, म्हणजे 8 बिट पडद्यांना 1 कोटी 67 लाख रंग दाखवता येत. आता त्याच्या चौसष्ट पट रंग आले, तेव्हा चित्र तितकेच सुधारले असणार, असे ग्राहकाला वाटावे अशी ही मांडणी आहे. दुसऱ्या बाजूने एक युक्तिवाद अनेकदा वाचायला मिळतो : माणसाच्या डोळ्याला सुमारे 1 कोटी रंग वेगळे ओळखता येतात, म्हणून 1 कोटी 67 लाख पुरेसे आहेत आणि 107 कोटी ही निव्वळ विक्रीची चलाखी आहे. हे दोन्ही युक्तिवाद एकाच ठिकाणी चुकतात. दोघेही रंगांची एकूण संख्या मोजतात. प्रश्न मात्र शेजारशेजारच्या दोन छटांमध्ये किती अंतर आहे, हा असतो.

हे तपासायला अंधारासारखी दुसरी जागा नाही. फोनवर रात्रीच्या आकाशाचे चित्र लावा, किंवा चित्रपटातले असे दृश्य पाहा की ज्यात कंदिलाचा उजेड हळूहळू काळोखात विरत जातो. पुष्कळदा उजेड विरत नाही, तर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे दिसतात. ज्या पडद्यावर कोट्यवधी रंग आहेत त्यावर हे का व्हावे?

1 कोटी 67 लाख हा आकडा येतो कसा ते पाहू. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. प्रत्येकाच्या तेजाला 0 ते 255 असे 256 आकडे. 256 चा घन केला की 1,67,77,216. पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांनी जायचे असेल तर तिन्ही दिवे बरोबरीने वाढवावे लागतात, म्हणून त्या वाटेवर पायऱ्या फक्त 256 आहेत. आणि आपले दृश्य अंधारातले असेल, म्हणजे 0 पासून फार तर 24 पर्यंत जाणारे, तर पायऱ्या उरतात केवळ 24. बाकीचे कोट्यवधी रंग त्या दृश्यात उपयोगाचे नसतात. 2400 पिक्सेल उंचीच्या पडद्यावर ही छटा वरपासून खालपर्यंत पसरली तर प्रत्येक पट्टा 100 पिक्सेलचा होतो. इंचाला 400 पिक्सेल असतील तर हे सुमारे सहा मिलिमीटर झाले. बोटाच्या नखाएवढा पट्टा दिसला नाही तरच नवल.

पण मग उजळ भागात असे पट्टे सहसा का जाणवत नाहीत? पडद्याला दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारा प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते. बहुतेक पडदे साधारणपणे आकड्याच्या 2.2 या घाताच्या प्रमाणात प्रकाश देतात. ही योजना मुद्दाम तशीच ठेवली आहे, कारण त्यामुळे बरेचसे आकडे कमी प्रकाशाच्या वाट्याला येतात आणि डोळ्याची नजरही तिथेच अधिक बारीक चालते. तरीही तळाशी ही तरतूद अपुरी पडते. 200 वरून 201 वर गेलो तर प्रकाश सुमारे 1.1 टक्क्याने वाढतो. ही वाढ डोळ्याला जेमतेम जाणवण्याच्या सीमेवर आहे. 20 वरून 21 वर गेलो तर वाढ 11 टक्के, आणि 10 वरून 11 वर गेलो तर तब्बल 23 टक्के. काळोखात डोळ्याची फरक ओळखण्याची क्षमता कमी होते हे खरे, पण इतकीही कमी होत नाही. त्यातून पट्ट्याची कड सरळ आणि लांब असली की डोळा ती कड स्वतःहून आणखी ठळक करतो. ही गोष्ट अर्न्स्ट माख यांनी 1865 साली दाखवली होती आणि अशा भासमान पट्ट्यांना आजही त्यांचेच नाव आहे.

आता 10 बिटांनी काय होते ते पाहा. प्रत्येक दिव्याला 256 ऐवजी 1024 आकडे मिळतात, म्हणजे जुन्या प्रत्येक पायरीचे चार भाग होतात. 20 आणि 21 यांच्यामधली 11 टक्क्यांची उडी मोडून पावणेतीन टक्क्यांच्या आसपासच्या चार लहान उड्या होतात, आणि सहा मिलिमीटरचा पट्टा दीड मिलिमीटरवर येतो. ही सुधारणा खरी आहे. ज्यांनी 10 बिटांना केवळ चलाखी म्हटले त्यांचे म्हणणे इथे टिकत नाही. पण सुधारणा चौपट आहे, चौसष्टपट नाही, हेही लक्षात घ्यावे.

जाहिरातीतली खरी गफलत पुढे आहे. चित्र पडद्यावर येण्याआधी बऱ्याच हातांतून जाते : चित्राची फाईल, ती उलगडणारा प्रोग्राम, फोनच्या स्मृतीतला चित्राचा साठा, आणि शेवटी पडद्याचा काच-पत्रा. यातली सर्वांत अरुंद जागा कोणती, त्यावर सगळे ठरते. फाईलच 8 बिटांची असेल, आणि आपण घेतो-पाठवतो ती बहुसंख्य छायाचित्रे तशीच असतात, तर 20 आणि 21 यांच्यामध्ये काय होते याची नोंदच कुठे नाही. 10 बिट पडदा तेच 24 पट्टे इमानदारीने दाखवील. पाणी एका बारीक तोटीतून येत असताना खाली मोठे पिंप ठेवण्यासारखे हे आहे. आणि पडद्याचा उजेड कमी करण्यासाठी काही जण चित्रावर काळसर पारदर्शक पडदा टाकणारे ॲप वापरतात, त्यातही नुकसान होऊ शकते. सगळे आकडे निम्मे करून पुन्हा पूर्णांकात बसवले की 256 पायऱ्यांच्या 128 उरतात. अंधारात वाचण्यासाठी केलेली सोय अंधारातच पट्टे वाढवते!

पट्ट्यांवरचा दुसरा उपाय जास्त जुना आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे. त्याला डिदरिंग म्हणतात. समजा एखाद्या जागी हवी असलेली छटा 20.5 आहे. पडद्याला तर 20 किंवा 21 एवढेच येते. नेहमीची रीत म्हणजे जवळच्या पूर्णांकात बसवणे. त्यात एका सलग भागातले सगळे पिक्सेल एकाच बाजूची चूक करतात आणि पट्टा तयार होतो. डिदरिंगमध्ये निम्मे पिक्सेल 20 वर आणि निम्मे 21 वर ठेवतात, विस्कटून. 20.25 हवे असेल तर चारांतला एकच पिक्सेल 21 वर. चूक नाहीशी होत नाही, ती विखुरली जाते. फोन 30 सेंटिमीटरवर धरला तर 400 पिक्सेल प्रति इंच पडद्यावरचा एक पिक्सेल डोळ्याशी सुमारे पाऊण कलेचा कोन करतो, आणि चांगल्या नजरेची मर्यादा सुमारे एक कला आहे. त्यामुळे डोळा ते ठिपके सुटे पाहूच शकत नाही, त्यांची सरासरी घेतो. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1962 साली चित्रांच्या संदेशवहनासाठी हाच विचार मांडला होता : चित्र पूर्णांकात बसवण्याआधी त्यात हेतुपुरस्सर थोडी यादृच्छिक गडबड मिसळायची.

'आधी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पूर्णांकात बसवून झाल्यावर गडबड मिसळली तर चित्र फक्त खरखरीत होते. 20.25 ची माहिती एकदा पुसली गेली की ती परत येत नाही. पट्टे पुसणाऱ्या ज्या सोयी काही उपकरणांत असतात, त्या मधल्या छटांचा अंदाज बांधतात, आणि कधीकधी आकाशाबरोबर चांदण्याही पुसतात.

हीच युक्ती काळातही करता येते. चार चित्रचौकटींपैकी तीनमध्ये 20 आणि एकीत 21 दाखवले की डोळ्याला 20.25 चा भास होतो. '10 बिट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यांपैकी काही प्रत्यक्षात 8 बिटांचेच असून उरलेले दोन बिट या मार्गाने मिळवतात. यावर फसवणुकीचा आरोप होतो, तो मला अतिरेकी वाटतो. काम नीट केले असेल तर डोळ्याला फरक कळत नाही. नीट केले नसेल तर मात्र कळतो. सेकंदाला 60 चौकटी असतील तर चार चौकटींचे चक्र सेकंदाला 15 वेळा होते, आणि इतकी संथ लुकलुक दिसू शकते. म्हणून शेजारच्या पिक्सेलांची चक्रे पुढेमागे ठेवावी लागतात. या युक्तीची एक मजेदार खूण संगणकाच्या जुन्या 6 बिट पडद्यांवर दिसे. त्यांच्या माहितीपत्रकात 1 कोटी 67 लाखांऐवजी 1 कोटी 62 लाख रंग छापलेले असत. 6 बिटांचे आकडे 0 ते 63. प्रत्येक दोहोंच्या मध्ये तीन नव्या छटा बसवता येतात, पण 63 च्या वर मिसळायला काहीच नाही. म्हणून 63 गुणिले 4 अधिक 1, म्हणजे 253 छटा, आणि 253 चा घन 1,61,94,277.

हे सगळे स्वतः पडताळायला पायथॉनच्या दहा ओळी पुरतात. पिक्सेलांचे आकडे आपल्या फोनच्या पडद्याप्रमाणे बदलावेत.

```python
import random
from PIL import Image
W, H = 1080, 2400
img = Image.new("L", (W, H))
for y in range(H):
    v = 24 * y / H
    for x in range(W):
        r = 0.5 if x < W // 2 else random.random()
        img.putpixel((x, y), int(v + r))
img.save("patta.png")
```

डाव्या अर्ध्या भागात छटा जवळच्या पूर्णांकात बसवली आहे, उजव्या अर्ध्या भागात आधी यादृच्छिक आकडा मिळवून मग. खोलीत अंधार करा, उजेड पूर्ण वाढवा आणि चित्र पडद्यावर पूर्ण भरेल असे उघडा. डावीकडे पट्टे दिसतील, उजवीकडे जवळजवळ सलग उतार. दोन्ही बाजू त्याच पडद्यावर, त्याच 8 बिटांत आहेत. बिटांची संख्या न वाढवताही पट्टे जातात, हे खोक्यावरचा आकडा सांगत नाही.

मग चित्रपटांत हाच उपाय का चालत नाही? कारण मधे आकुंचन येते. व्हिडिओ लहान करणारी पद्धत जे ठिपके बारीक, फिके आणि अनियमित असतात तेच आधी टाकून देते, आणि डिदरिंग म्हणजे नेमके तेच. 2019 च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतला रात्रीच्या लढाईचा भाग प्रसारित झाला, तेव्हा काळोखात काही दिसत नाही, नुसते पट्टे आणि चौकोन दिसतात अशी तक्रार असंख्य प्रेक्षकांनी केली. छायाचित्रकाराने दोष लोकांच्या टीव्हीच्या जुळणीवर आणि प्रक्षेपणातल्या आकुंचनावर ठेवला. त्याचे दुसरे म्हणणे मला पटते, पहिले अर्धेच. ज्या दृश्याचा बहुतेक भाग तळच्या दोन डझन पायऱ्यांत बसवला आहे, ते घरोघरी पोचेपर्यंत कोणत्या नळीतून जाणार, हे दृश्य ठरवतानाच ठाऊक असते.

वरचे चित्र विद्यार्थ्यांच्या फोनवर पाठवताना हीच अडचण येईल. व्हॉट्सॲपवर ते छायाचित्र म्हणून पाठवले तर आकुंचन होऊन उजवी बाजूही बिघडेल. ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. मग दोन्ही प्रती शेजारी उघडून ठेवाव्यात. पडदा एक, बिट तेवढेच, आणि तरी उजव्या अर्ध्या भागात किती फरक पडला, ते मुलांनाच मोजू द्यावे.