खांदे उडवणारी नऊ चिन्हं

¯\_(ツ)_/¯

हा माणूस तुम्हाला चॅटमध्ये कधी ना कधी भेटलाच असेल. क्षणभर त्याला माणूस न समजता नुसती चिन्हं म्हणून वाचा. एकूण नऊ आहेत. दोन टोकांना तरंगणारी आडवी रेघ म्हणजे रोमन लिपीत स्वर दीर्घ आहे हे दाखवणारी खूण. इथे तिचे तळहात झालेत. तिरक्या रेघांचे हात, अंडरस्कोअरचे खांदे, कंसांचे गाल. चेहरा मात्र कताकाना या जपानी लिपीतलं 'त्सु' हे अक्षर. त्यातले दोन छोटे फटकारे डोळे होतात आणि लांब फटकाऱ्याचं तिरकं हसू होतं.

सगळी गंमत त्या हसण्यात आहे. 'मला माहीत नाही' असं हा माणूस हसत सांगतो.

याच कृतीचा इमोजी २०१६ साली युनिकोड ९.० मध्ये आला: 🤷. दोन्ही एकच, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दिवाळीचा आठवडा आहे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे, आणि मित्र विचारतो, "कन्फर्म होईल का रे?" आमच्या जुळे सोलापुरात याचं तोंडी उत्तर 'काय की'. आता 'काय की 🤷' वाचा. त्यात 'मला का विचारतोस' असा सूर येतो. 'काय की ¯\_(ツ)_/¯' मध्ये उत्तर माझ्याकडेही नाही आणि तुझ्याकडेही नाही, आपण दोघंही रेल्वेच्या हवाली.

हा फरक का पडतो? इमोजी म्हणजे तयार चित्र. युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवतं. ओठ किती वाकडे, भुवया किती वर, हे ॲपल, गूगल, सॅमसंग आपापलं ठरवतात. शिवाय त्या चित्राला केस आहेत, कपडे आहेत. सुरुवातीला बऱ्याच फोनवर तिथे बाईच दिसायची, मग बाई आणि पुरुष असे वेगळे पर्याय आले, वर त्वचेचे रंग. म्हणजे हात झटकायच्या आधी आपण कोण ते निवडा.

मराठीत हे जास्तच खटकतं. 'मी गेलो' की 'मी गेले' हे आपल्याला सांगावंच लागतं, पण हात झटकायचे असले की आपण नेमकं 'काय की', 'चालायचंच', 'बघू' म्हणतो. यात बोलणारा बाई की बाप्या ते कळत नाही, 'चालायचंच'मध्ये तर बोलणाराच गायब. चिन्हांचा माणूस या घराण्यातला आहे. तो तुमच्या वाक्याच्याच शाईत, त्याच उंचीचा, ओळीत उभा राहतो. पूर्णविरामासारखा तो वाक्याचाच भाग असतो. 🤷 मात्र तिसरंच कुणीतरी, आपल्या दोघांच्या बोलण्यात येऊन उभं राहिलेलं.

ಠ_ಠ या नजरेचंही असंच. सोलापूरच्या स्टँडवर विजयपूरच्या बसच्या पाट्या वाचणाऱ्याला हे डोळे लगेच ओळखू येतील, कारण ते कन्नडमधलं 'ठ' आहे. गोलात ठिपका, वर भुवईसारखी खूण. नापसंती दाखवायला जगभर हे अक्षर वापरलं गेलं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नसावं. कन्नड येणाऱ्याला आधी 'ठ ठ' दिसतं आणि मग मास्तर. 🤨 हा इमोजी संशय घेतो, भुवई उडवून अभिनय करतो. ಠ_ಠ काहीच करत नाही, नुसतं बघतं. अक्षराला अभिनय येत नाही, म्हणूनच ती नजर इतकी थंड आहे.

सुट्या भागांचा माणूस मोडतोही. मार्कडाउन चालतं तिथे आमच्या टीममध्ये रोज एक लुळा माणूस दिसतो:

```
टाइप केलं:  ¯\_(ツ)_/¯
दिसलं:     ¯_(ツ)_/¯
```

डावा हात गेला, कारण मार्कडाउनमध्ये \_ म्हणजे 'अंडरस्कोअर जसाच्या तसा दाखव' अशी सूचना. ती पाळून बॅकस्लॅश निघून जातो. दोन बॅकस्लॅश दिले तर हात परत येतो, पण आता दोन्ही अंडरस्कोअर मिळून मधला मजकूर तिरपा करतात आणि खांदेच जातात. तीन लागतात: दोन हातासाठी, एक खांद्यासाठी.

```
¯\\\_(ツ)_/¯
```

हात शाबूत दिसला की समजायचं, लिहिणाऱ्याने तेवढा त्रास घेतलाय किंवा स्लॅकची /shrug ही कमांड वापरलीय.

इमोजी एका बाबतीत निर्विवाद पुढे आहे. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर 🤷 ला 'खांदे उडवणारी व्यक्ती' अशा अर्थाचं नाव देतं. चिन्हांच्या माणसाचं ते एकेक चिन्ह वाचतं किंवा गाळतं, आणि ऐकणाऱ्याला माणूस भेटतच नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही तो ओळखीचा असावा लागतो. आईला तो फोन बिघडल्यासारखा वाटतो. तिला मी नुसतं 'काय की' लिहितो.